विश्लेषण : शाळेचा तीन वर्षांचा आराखडा कागदावरच का राहतो?

जिल्हा परिषदेच्या जवळपास प्रत्येक शाळेत ‘शाळा विकास आराखडा’ नावाची एक फाईल असते. तपासणीला अधिकारी आले की ती टेबलावर येते, ते गेले की पुन्हा कपाटात जाते. पालकांपैकी फार थोड्यांनी ती उघडून पाहिलेली असते. खरे तर कायद्याने ही फाईल लिहिण्याचे काम पालकांचेच बहुमत असलेल्या समितीकडे दिले आहे.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. कलम २२ नुसार या समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांप्रमाणे तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात तीन वार्षिक उपआराखडे येतात. इयत्तानिहाय पटसंख्येचा अंदाज, किती शिक्षक कमी आहेत, कोणत्या भौतिक सुविधा हव्यात आणि दरवर्षी किती पैसे लागतील, हे त्यात लिहायचे. आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरपर्यंत मसुदा तयार करायचा. मग अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष आणि निमंत्रक यांच्या सहीने तो मार्चअखेरपूर्वी स्थानिक प्राधिकरणाकडे द्यायचा.

याच कलमात आणखी एक वाक्य आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. सरकारची किंवा स्थानिक प्राधिकरणाची नियोजने व अनुदाने या आराखड्याच्या आधारे ठरतील, असे ते वाक्य सांगते. म्हणजे कायद्याच्या नजरेत हा आराखडा शाळेची अधिकृत मागणी आहे. अल्पसंख्याक आणि अनुदानित शाळांमधील समित्यांची भूमिका २०१२ च्या दुरुस्तीने सल्लागाराची केली, त्यामुळे आराखड्याची सक्ती मुख्यतः सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना आहे.

मग अडते कुठे?

अडते ते ‘सध्याची स्थिती’ या रकान्यात. बहुतेक आराखड्यांत तिथे ‘वाचनक्षमता मध्यम’, ‘सुधारणा आवश्यक’ अशी वाक्ये असतात. पुढच्या रकान्यात उद्दिष्ट येते, ‘तीन वर्षांत ८० टक्के मुले वाचतील’. आज किती मुले वाचतात हेच लिहिलेले नसेल, तर ८० हा आकडा मोठा की छोटा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

उदाहरणादाखल पहिली ते पाचवीची एक शाळा धरू. पट ६८, मंजूर शिक्षक तीन, प्रत्यक्षात दोन. जुलैमध्ये शिक्षकांनी तिसरी, चौथी आणि पाचवीच्या प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे बसवून दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट वाचायला दिली. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पायऱ्या महाराष्ट्रातल्या शिक्षकांना परिचयाच्या आहेत. चाचणीला एका मुलामागे पाचेक मिनिटे लागतात. निकाल असा आला : तिसरीत १४ पैकी ३ मुले गोष्ट वाचतात, चौथीत १५ पैकी ६ आणि पाचवीत १४ पैकी ८.

आता समितीने ठरवले की तिसऱ्या वर्षी पाचवीतली ६० टक्के मुले गोष्ट वाचतील. तिसरीतल्या ३ मुलांकडे पाहिले तर ही झेप धाडसी वाटते. पण पाचवीत आजच १४ पैकी ८, म्हणजे ५७ टक्के मुले वाचतात. शाळेने काहीही नवे केले नाही, तरी मुले तिसरीतून पाचवीत जाताना साधारण इथवर पोहोचतातच. आराखडा शंभर टक्के यशस्वी झाल्याची नोंद होईल आणि मुलांच्या पदरात काहीच जादा पडणार नाही.

म्हणूनच बेसलाइन म्हणजे केवळ आजचा एक आकडा नव्हे. ‘नेहमीप्रमाणे चालू राहिले तर मुले कुठे पोहोचतील’ हेही त्यात दिसावे लागते. लहान शाळेत त्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही. वरच्या वर्गाचा निकाल हाच खालच्या वर्गाचा ढोबळ अंदाज असतो. ढोबळ यासाठी, की १४ मुलांच्या वर्गात एका मुलाने आकडा सात टक्क्यांनी हलतो. अशा वर्गासाठी टक्के लिहूच नयेत, मुले मोजावीत.

उद्दिष्ट कुणाचे?

दुसरी गफलत मुलांच्या बाबतीत होते. आराखडा डिसेंबरात लिहिला आणि जूनपासून त्याचे पहिले वर्ष धरले, तर आज पाचवीत असलेली मुले तोवर शाळा सोडून गेलेली असतील. तिसऱ्या वर्षी या शाळेत पाचवीत बसणारी मुले आज दुसरीत आहेत. समजा ती १३ आहेत. उद्दिष्ट या १३ मुलांच्या नावाने लिहायला हवे. पुढच्या जुलैत ती तिसरीत असतील. नेहमीच्या चालीने त्यातली ३ वाचतील, उद्दिष्ट ५ ठेवावे. त्यानंतरच्या जुलैत चौथीत नेहमीची ५, उद्दिष्ट ८. तिसऱ्या जुलैत पाचवीत नेहमीची ७ किंवा ८, उद्दिष्ट ११. आता दरवर्षी कळते की शाळेने नेहमीपेक्षा नेमक्या किती मुलांना जास्त वाचते केले.

चाचणीचा महिनाही दरवर्षी तोच हवा. जुलैची बेसलाइन आणि मार्चची अंतिम चाचणी शेजारी ठेवली, तर आठ महिन्यांची स्वाभाविक वाढ ‘उपक्रमाचे यश’ म्हणून मोजली जाते. मराठवाड्यात या फरकाला आणखी एक पदर आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगारांची कुटुंबे गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. सोबत गेलेली मुले मार्चच्या चाचणीला नसतात आणि ज्यांचे वाचन मागे पडण्याची भीती सर्वाधिक, तीच आकडेवारीतून गळतात. मग निकाल आपोआप सुधारतो! जुलैच्या चाचणीत ही मुले सापडतात. आराखड्यातल्या कृतीतही ती दिसावी लागतात. हंगामी वसतिगृहाची सोय कोणत्या महिन्यापासून लागेल आणि किती मुलांसाठी, हे डिसेंबरात नव्हे तर ऑगस्ट-सप्टेंबरातच ठरलेले असायला हवे.

जबाबदारी ‘सर्वांची’ म्हणजे कुणाची?

आराखड्याचा शेवटचा रकाना सर्वात घाईत भरला जातो. ‘सर्व शिक्षक व समिती सदस्य’ असे तिथे लिहिले की काम कुणाचेच राहत नाही. वरच्या उदाहरणात कृती अशी लिहिता येईल : रोज पहिली ४५ मिनिटे तिसरी ते पाचवीची मुले इयत्तेप्रमाणे नव्हे, वाचनाच्या पातळीप्रमाणे दोन गटांत बसतील. अक्षर-शब्द गट एका शिक्षकाकडे, परिच्छेद-गोष्ट गट दुसऱ्याकडे. पहिली-दुसरीची मुले त्या वेळेत काय करतील, हेही लिहावेच लागेल, कारण शिक्षक दोनच आहेत. इथे बरेच सुंदर आराखडे कोसळतात. जुलैच्या चाचणीवेळी समितीतील एक पालक सदस्य हजर राहील आणि नावांची यादी मुख्याध्यापक जपून ठेवतील, एवढी दोन नावे पुरतात.

नावासोबत पदही लिहिणे गरजेचे, कारण शिक्षकांच्या बदल्या होतात. नुसते नाव लिहिले तर बदलीबरोबर जबाबदारीही जाते. नुसते पद लिहिले तर आज विचारायचे कुणाला, हे कळत नाही.

तिसऱ्या शिक्षकाची रिकामी जागा मात्र वेगळी गोष्ट आहे. ६१ ते ९० पटाला तीन शिक्षक हा कायद्याच्या परिशिष्टातला निकष आहे, पण जागा भरणे शाळेच्या हातात नाही. ती ‘उद्दिष्टे’ या रकान्यात टाकली तर तीन वर्षे ‘अपूर्ण’ असा शेरा पडत राहील आणि त्याचे कुणाला काही वाटणार नाही. तिथे शाळेची कृती म्हणजे समितीचा ठराव, गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र आणि पाठपुराव्याच्या तारखा. जागा भरण्याची जबाबदारी जिल्हा परिषदेची, असे स्पष्ट लिहायचे.

पैशांचे गणित

समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपयांपर्यंत संयुक्त अनुदान मिळते. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी राखायचे. उरलेल्यात वीजबिल, खडू-कागद, किरकोळ दुरुस्ती भागवायची. अशा शाळेच्या आराखड्यात संरक्षक भिंत ‘शाळा अनुदानातून’ बांधू असे लिहिलेले असेल, तर लिहिणाऱ्याने बेरीज केलेलीच नाही. भिंत, नळजोडणी, शौचालयाची दुरुस्ती यांसाठी ग्रामपंचायतीचा विकास आराखडा हा मार्ग आहे. तिथे शाळेची मागणी तो आराखडा ठरवणाऱ्या ग्रामसभेपुढेच यायला हवी. नंतर गेलेली मागणी पुढच्या वर्षावर ढकलली जाते.

आणखी एक बारीक गोष्ट मागणी अडवते. वरच्या कार्यालयातले नियोजन युडायस प्लसच्या नोंदींवर चालते. त्यात शौचालये किती आणि वापरण्याजोगी किती, याच्या वेगवेगळ्या नोंदी असतात. शाळेने तिथे मुलींचे शौचालय वापरात असल्याचे भरले असेल आणि आराखड्यात त्याच्याच दुरुस्तीसाठी पैसे मागितले असतील, तर दोन्ही कागदांवर सही एकाच मुख्याध्यापकांची असते. मागणी फेटाळायला एवढे कारण पुरते.

दोन वर्षांची समिती, तीन वर्षांचा आराखडा

नियमांतच एक विसंगती आहे. समितीची मुदत दोन वर्षे आणि आराखडा तीन वर्षांचा. म्हणजे आराखडा लिहिणारे पालक तिसऱ्या वर्षाचा निकाल पाहायला समितीत असतीलच असे नाही. नव्या समितीला फाईल मिळते, पण १३ मुलांची यादी, जुलैचे तीन निकाल आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना गेलेल्या पत्रांच्या प्रती मिळत नाहीत. समितीची बैठक दरमहा व्हावी असे नियम सांगतात. त्यातली नव्या समितीची पहिली बैठक जुन्या अध्यक्षांना बोलावून, हे कागद समोर ठेवून घ्यायला कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. ज्या शाळेत ती झाली नाही, तिथल्या पालकांनी मुख्याध्यापकांकडे फक्त एवढेच मागावे : गेल्या जुलैत कोणत्या मुलाने काय वाचले, ती यादी.