झेरॉक्स दिली कशासाठी अन् वापरली कशासाठी?

सायबर गुन्हा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झारखंडमध्ये बसलेला कुणीतरी पोरगा येतो. फोन करतो, ओटीपी मागतो, पैसे उडवतो. पण आपल्याच परभणी जिल्ह्यात एक प्रकरण घडलं, ज्यात ना ओटीपी होता ना लिंक. होती फक्त शेतकऱ्यांनी विश्वासानं दिलेली कागदं. माहिती संरक्षण म्हणजे काय हे समजून घ्यायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण दिसत नाही. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सवडीनं वाचा.

२०१७ साली गंगाखेड पोलिसांत गंगाखेड शुगरच्या विरोधात गुन्हा दाखल झाला. आरोप असा की कारखान्याशी व्यवहार असलेल्या शेतकऱ्यांची कागदपत्रं वापरून, बनावट कागद जोडून, त्यांच्या नावावर बँकांतून परस्पर कर्जं उचलली गेली. आकडा शेकडो कोटींत सांगितला गेला. पुढे डिसेंबर २०२० मध्ये ईडीनं या प्रकरणात सुमारे २५५ कोटींची मालमत्ता जप्त केली. दोषी कोण हे कोर्ट ठरवेल, त्यावर मला बोलायचं नाही. या पोस्टला राजकारणाचा रंग देऊ नका ही विनंती.

मला बोलायचंय त्या कागदांबद्दल. ऊस कारखान्याला घालायचा तर नोंद लागते. नोंदीला सातबारा, आधार, पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो आणि चार-दोन सह्या. आपण विचारत नाही, समोरचा सांगत नाही. आणि ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याला ते कळतं कधी? बँकेची नोटीस दारात आल्यावर.

कायद्याच्या भाषेत यातलं पहिलं तत्त्व आहे हेतूची मर्यादा. माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरायची. उसाच्या नोंदीला दिलेला आधार उसाच्या नोंदीपुरता. दुसरं तत्त्व, कामाला लागेल तेवढीच माहिती मागायची. तिसरं, काम झालं की ती ठेवायची नाही. ही तिन्ही तत्त्वं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहेत. तुमची संमती ही मोकळी, नेमक्या कामासाठी आणि समजून दिलेली असली पाहिजे, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे, असं हा कायदा म्हणतो. आता सांगा, आपल्या भागात शेवटचं असं कधी झालं? कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन "बाकीचं आम्ही भरतो" म्हणणारी टेबलं तर प्रत्येक तालुक्यात आहेत.

कुणी म्हणेल, हा कायदा डिजिटल माहितीचा, आमची तर झेरॉक्स. पण कागदावर घेतलेली माहिती नंतर स्कॅन केली किंवा कॉम्प्युटरवर चढवली की ती या कायद्यात येते. आज कोणती झेरॉक्स कॉम्प्युटरवर चढत नाही? विम्याचा अर्ज भरताना दुकानदार आपल्या मोबाईलवर आधारचा फोटो काढतो, तोही त्यातच आला.

आता गुन्ह्याकडे येतो. समजा उद्या तुमचा आधार नंबर वापरून कुणी ॲपवरून ५० हजारांचं कर्ज काढलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६क सगळीकडे ऐकू येतं, पण ते रद्द झालेलं कलम आहे, ते विसरा. तुम्हाला लागणारी दोन कलमं इंग्रजी अक्षरांनी ओळखली जातात. 66C म्हणजे दुसऱ्याची ओळख, म्हणजे पासवर्ड, सही किंवा ओळखीची खूण अप्रामाणिकपणे वापरणं. 66D म्हणजे कॉम्प्युटर किंवा मोबाईलच्या साहाय्यानं भलताच कुणीतरी असल्याचं भासवून फसवणं. "मी बँकेतून बोलतोय" वाला फोन 66D मध्ये येतो, तुमच्या आधारावर कर्ज काढणारा 66C मध्ये. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. शिवाय फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची कलमं भारतीय न्याय संहितेतली लागतात. सगळं कागदावरच झालं असेल तर हीच मुख्य ठरतात.

इथं एक गोम आहे, जी पोलीस ठाण्याच्या पायरीवर कळते. या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. त्यामुळे "पीआय साहेब नाहीत, उद्या या" हे ऐकायला मिळतं. पण ती अट तपासाची आहे, तक्रार नोंदवून घेण्याची नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्यानं घ्यायलाच पाहिजे, हद्द कुठलीही असो. हे वाक्य पाठ करून ठेवा. खात्यातून पैसे गेले असतील तर ठाण्यात जायच्या आधी १९३० ला फोन लावा, कारण पैसा पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवला तरच हाती लागतो.

इथवर झाली चोराची गोष्ट. पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. चोर सापडतो, न सापडतो. ज्यानं आपली माहिती नीट सांभाळली नाही त्याचं काय? आणि आपल्या नुकसानीचं काय?

पुण्याचं एक प्रकरण सांगतो. पूना ऑटो ॲन्सिलरीज नावाची कंपनी. बनावट ईमेलला उत्तर दिलं गेलं आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाखांच्या वर रक्कम गेली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात नुकसानभरपाईसाठी न्यायनिर्णय अधिकारी असतो, आणि राज्यात हे काम माहिती तंत्रज्ञान खात्याच्या सचिवांकडे आहे. पाच कोटींपर्यंतचे दावे तिथं चालतात. त्यांनी २०१३ मध्ये निकाल दिला. ईमेलला उत्तर दिलं ही तक्रारदाराची चूक धरली, पण चोरांनी उघडलेल्या खात्यांची नीट तपासणी न करणं हा बँकेचा निष्काळजीपणा ठरवला आणि बँकेला ४५ लाख भरायला लावले. म्हणजे चोर बाजूला राहिला, तरी ज्याच्या हातात कुलूप होतं त्याला जबाब द्यावा लागला, आणि भरपाईचा आदेश झाला तो पैसे ज्याचे गेले त्याच्या बाजूनं.

याच कायद्यात 43A नावाचं कलम आहे. संवेदनशील माहिती सांभाळणाऱ्या कंपनीनं वाजवी काळजी घेतली नाही आणि तुमचं नुकसान झालं, तर तिनं तुम्हाला भरपाई द्यायची. भरपाई तुम्हाला, सरकारला नाही.

आता नवा कायदा बघा. माहितीची सुरक्षा ठेवली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड. आकडा मोठा आहे, टीव्हीवर छान दिसतो. पण तो दंड जातो कुठं? भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून एक रुपया मिळण्याची तरतूद नाही. आणि याच कायद्यानं 43A कलम काढून टाकायचं ठरवलंय. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि हा भाग १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतोय. प्रत्यक्ष घुसखोरी करणाऱ्याकडून भरपाई मागायचं कलम ४३ राहील. पण चोराकडून भरपाई घ्यायला आधी चोर सापडावा लागतो ना!

नव्या कायद्यात काहीच चांगलं नाही असं मी म्हणत नाही. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला विनाविलंब कळवायचं बंधन आलंय, ते मोठं आहे. गंगाखेडच्या शेतकऱ्याला नोटीस येईपर्यंत पत्ता लागला नव्हता हे आठवा. पण कळवून झाल्यावर पुढं काय? कोर्टात दिवाणी दावा लावा आणि तारखा मोजा, एवढंच उरतं. घर फुटलं, दंड राखणदाराला झाला, आणि घरमालकाला मिळाली फक्त बातमी.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. दंडाचा ठरावीक हिस्सा नुकसान झालेल्याला मिळेल अशी दुरुस्ती व्हायला पाहिजे, निदान 43A तरी ठेवायला पाहिजे. आपल्या खासदार-आमदारांना रस्त्याचं निवेदन देतो तसं याचंही द्या. हे अशक्य नाही. तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये चुकीची नोंद असेल आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर रोज १०० रुपये तक्रारदाराला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. रक्कम छोटी, पण जाते योग्य खिशात.

त्यावरूनच एक काम सांगतो, आजच करा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीनं वर्षातून एकदा तुमचा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. तुमच्या नावावर कुणी कर्ज उचललं असेल तर ते त्यात दिसतं, नोटीस यायच्या आधी. घरात म्हाताऱ्या माणसांच्या नावावर जमीन असेल तर त्यांचा रिपोर्ट आधी काढा, पण त्यांच्यासमोर बसून, त्यांना विचारून. अनोळखी कर्ज दिसलं तर त्या बँकेला आणि रिपोर्ट देणाऱ्या कंपनीला लेखी तक्रार, पोच ठेवायची, आणि ठाण्यात अर्ज.

दुसरं, झेरॉक्सवर आडवं लिहा: कोणत्या कामासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला. अक्षरं छापील मजकुरावरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलं तर कापून काढतात. यानं चोरी थांबतेच असं नाही. पण उद्या "उसाच्या नोंदीसाठी" लिहिलेली प्रत कर्जाच्या फाईलमध्ये सापडली, तर ती न बघता कर्ज देणाऱ्या बँकेला उत्तर द्यावं लागेल. आधारचा पूर्ण नंबर लागत नसेल तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क्ड प्रत द्या.

टेबलापलीकडचा माणूस तोंड वाकडं करील, "लई शहाणे झालात" म्हणील. म्हणू द्या. त्याला एवढंच विचारा: साहेब, हा कागद कशाला लागतो, आणि काम झाल्यावर त्याचं काय करता?

तुमच्या नावावर किंवा घरात कुणाच्या नावावर न घेतलेलं कर्ज निघालंय का? कमेंटमध्ये फक्त तालुका लिहा. आधार नंबर, खाते नंबर, नोटिशीचा फोटो इथं टाकू नका. एवढं वाचूनही टाकलात, तर मग माझी पोस्ट वाया गेली.