अधिक मास सणांना 'महिनाभर पुढे ढकलतो', असे म्हणणाऱ्यांस

दर तीन वर्षांनी एक वाक्य समाजमाध्यमांवर फिरू लागते : "यंदा अधिक मास, म्हणून सगळे सण महिनाभर उशिरा." हे वाक्य सरसकट चुकीचे आहे. ते तपासण्यासाठी 2020 सालाइतके चांगले उदाहरण सापडणार नाही, कारण त्या वर्षी एकच अधिक महिना असूनही काही सण लवकर आले आणि काही उशिरा.

तारखाच पाहा. 2019 साली गणेश चतुर्थी 2 सप्टेंबरला होती. 2020 साली ती 22 ऑगस्टला आली, म्हणजे अकरा दिवस आधी. घटस्थापना मात्र 29 सप्टेंबरवरून 17 ऑक्टोबरला गेली, अठरा दिवस पुढे. 'सगळे सण उशिरा' हे विधान इथेच कोसळते.

कारण साधे आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे 354 दिवसांचे, तर सौरवर्ष 365 दिवसांहून किंचित मोठे. म्हणून प्रत्येक सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतच असतो. मधे अधिक महिना आला की त्याच्या नंतरच्या सणांत एका चांद्रमासाची भर पडते. तीस वजा अकरा, उरले एकोणीस. एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक तिथींमुळे पडतो. पण 'महिनाभर' कधीच नाही. अधिकाच्या आधीच्या सणांना त्या वर्षी ही भर मिळत नाही. ती त्यांना पुढच्या वर्षी मिळते. 2021 ची गणेश चतुर्थी 10 सप्टेंबरला आली ती त्यामुळेच.

महिनाभराचा फरक खरोखर दिसतो तो तारखांत नव्हे, दोन सणांमधील अंतरात. आणि तोही अधिक महिना त्या दोहोंच्या मधे पडला तरच. 2019 साली अनंत चतुर्दशीपासून घटस्थापनेपर्यंत 17 दिवस होते. 2020 साली ते 46 झाले. गणपतीची आरास उतरल्यावर नवरात्राची तयारी करणाऱ्या मूर्तिकारांना, फुलवाल्यांना हा फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. याउलट दसरा ते लक्ष्मीपूजन हे अंतर 2019 साली 19 दिवस होते आणि 2020 साली 20. तिथे अधिक महिना नव्हता, म्हणून काही बदललेही नाही.

आता दुसरा आक्षेप : "हा महिना पंचांगकर्ते सोयीने घालतात." घालत नाहीत, तो नियमाने निघतो. एका अमावास्येच्या अंतापासून पुढच्या अमावास्येच्या अंतापर्यंतच्या काळात सूर्याने रास बदलली नाही, तर तो मास अधिक. 2020 साली सूर्य 16 सप्टेंबरच्या सायंकाळी कन्येत गेला. अमावास्या संपली 17 सप्टेंबरच्या दुपारी साडेचारच्या सुमारास. पुढची अमावास्या संपली 17 ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास, आणि सूर्य तुळेत गेला त्याच दिवशी सकाळी सातच्या सुमारास. संक्रांत सहा तासांनी हुकली! म्हणून सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी नवरात्र न बसता अधिक आश्विन सुरू झाला. (उत्तरेकडे पौर्णिमान्त गणनेत पितृपक्ष आश्विनातच मोजतात, त्यामुळे तिकडे हा महिना आश्विनाच्या मधोमध बसतो. सण मात्र त्याच दिवशी येतात.)

या सहा तासांमुळे एक खरा वाद उभा राहतो, आणि तो मी नाकारत नाही. राशींचा आरंभबिंदू कुठे मानायचा यावर संक्रांतीची वेळ ठरते. टिळक पंचांगाचा आरंभबिंदू प्रचलित चित्रापक्षीय गणनेहून सुमारे चार अंशांनी वेगळा आहे. त्यामुळे त्याच्या संक्रांती सुमारे चार दिवस आधी येतात. त्या गणनेत वरील तूळ संक्रांत अमावास्येच्या पुष्कळ आधी पडते आणि तो मास अधिक ठरतच नाही. म्हणूनच काही वर्षी महाराष्ट्रातल्या काही घरांत गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतो. वाद घालायचाच असेल तर तो इथे घालावा : आरंभबिंदू कोणता आणि का. 'सोयीने घातला' म्हणणे हे तो वाद टाळणे आहे.

राहिला 2020 चा तो लोकप्रिय संदेश, की लीप वर्ष आणि अधिक मास 165 वर्षांनी एकत्र आले. 2012 हे लीप वर्ष होते आणि त्यात अधिक भाद्रपद होता. 2004 हेही लीप वर्षच, त्यात अधिक श्रावण होता. तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ही दोन्ही वर्षे स्वतः पाहिलेली आहेत. घरातले जुने पंचांग काढून बघायला पाच मिनिटे पुरली असती.