अंडी एकाएकी घटतात तेव्हा

परसातील कोंबड्यांनी अंडी देणे एकाएकी कमी केले, की खेड्यातील घरांत बहुधा दोनच विचार पुढे येतात. एक, कोंबड्यांना रोग लागला. आणि दुसरा, आता त्या बाजारात विकून मोकळे व्हावे. हे दोन्ही विचार पुष्कळदा घाईचे असतात. रोगामुळे अंडी घटतात हे खरे; परंतु लहान कळपात अंडी अचानक घटण्याची कारणे जितक्या वेळा कोंबडीच्या शरीरात सापडतात, त्याहून अधिक वेळा ती पाळणाऱ्याच्या दिनचर्येत सापडतात. म्हणून औषधाची पुडी सोडण्यापूर्वी मागील आठ-पंधरा दिवसांत घरात काय बदलले याची चौकशी झाली पाहिजे. ही चौकशी करण्याचे शिक्षण गावोगाव मिळाले, तर कित्येक चांगल्या कोंबड्या अकारण कसायाकडे जाण्याचे टळेल.

ही चौकशी कशी करावी हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. पुणे जिल्ह्यातील एका कांदा पिकविणाऱ्या कुटुंबाकडे सुधारित जातीच्या २४ कोंबड्या होत्या व त्या रोज १४ ते १५ अंडी देत. मार्च महिन्याच्या अखेरीस अंडी १३ वर आली, दुसऱ्या दिवशी १० झाली, नंतर ६ आणि पाचव्या दिवशी अवघी ५ मिळाली. गव्हाणीत खाद्य तसेच उरू लागले. तुरे काहीसे फिके व सुरकुतलेले दिसू लागले. शेजाऱ्यांनी दृष्ट लागल्याचे सांगितले, तर दुकानदाराने पाण्यात मिसळावयाची प्रतिजैविकाची पुडी दिली. येत्या बाजारी सर्व कोंबड्या विकण्याचेही घरात ठरले. सुदैवाने त्याच दिवशी पशुधन पर्यवेक्षक दुसऱ्या कामासाठी वस्तीवर आले.

पर्यवेक्षकांनी औषधाचे नावही काढले नाही. त्यांनी प्रथम अंडी खरोखरच घातली जात नाहीत, की घातलेली अंडी हाती येत नाहीत, हे पाहिले. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या कडब्याच्या गंजीत किंवा कुंपणाच्या आडोशाला अंडी घालू लागतात; मुंगूस, साप व कावळे अंडी पळवितात; एखादी कोंबडी अंडे फोडून खाण्यास चटावते. अशा वेळी कोंबडी निर्दोष असते व अंडी मात्र दिसत नाहीत. याची परीक्षा रात्री खुराड्यात करणे सोपे. कोंबडी हातात घेऊन शेपटीखाली गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस असलेली टोकदार हाडे चाचपावीत. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या या दोन हाडांमध्ये दोन ते तीन बोटे मावतात आणि गुदद्वार मोठे व ओलसर असते. अंडी देणे थांबून बराच काळ लोटला असेल तर तेथे जेमतेम एक बोट मावते व गुदद्वार आवळलेले आणि कोरडे दिसते. या कळपातील बहुतेक कोंबड्यांत दोन बोटे सहज मावत होती. गंजीत व कुंपणातही कोठे अंडी सापडली नाहीत. याचा अर्थ इतकाच, की अंडी चोरीस जात नव्हती. कोंबड्यांनी ती घालणे अगदी अलीकडे थांबविले होते.

यानंतर त्यांनी भिंतीकडे पाहिले. घरातील मुलगी रोजची अंडी खुराड्याशेजारच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवीत असे. त्या आकड्यांवरून घट कोणत्या दिवशी सुरू झाली हे कळले. आणि घट किती वेगाने झाली हे कळणे म्हणजे कारणाचा अर्धा शोध लागणे होय.

हे असे का, ते समजण्यासाठी अंडे कसे तयार होते हे ध्यानी घ्यावे. बलक मोठा होण्यास सुमारे दहा दिवस लागतात. पक्व बलक सुटला, की पांढरे, पडदे व कवच चढून अंडे बाहेर येण्यास २४ ते २६ तास पुरतात. अंड्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग पाणी असते. त्यामुळे पाणी तुटले किंवा कुत्र्याने रात्री खुराड्यावर झडप घालून कळप भेदरविला, तर त्याचा परिणाम एक-दोन दिवसांतच दिसतो. खाद्याचा कस कमी झाला, तर कोंबडी काही दिवस शरीरातील साठ्यावर निभावते आणि अंडी हळूहळू, आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतात. कवच मात्र चुन्याच्या अभावी लवकरच पातळ होते. दिवस लहान झाल्याने होणारी घट याहूनही मंद असते. महाराष्ट्रात जूनमध्ये सुमारे १३ तासांचा असलेला दिवस डिसेंबरात सुमारे ११ तासांचा होतो. या उतारावर अंडी आठवडेच्या आठवडे घेत कमी होतात आणि पुष्कळ कोंबड्या पिसे झाडू लागतात. पाच दिवसांत १५ वरून ५ वर येणारी घट दिवस लहान होण्याने झालेली नसते. शिवाय मार्चमध्ये दिवस वाढत असतो.

तेव्हा पर्यवेक्षकांनी विचारले, की घट सुरू होण्यापूर्वी दोन-तीन दिवस घरात काय बदल झाला? उत्तर लगेच मिळाले. घरातील म्हातारी आजी लेकीच्या गावी गेली होती आणि इतर सर्व माणसे कांदा काढणीस सकाळी सातला बाहेर पडून सायंकाळी परतत होती. कोंबड्यांसाठी चार लिटरचे एक पत्र्याचे भांडे सकाळी भरून ठेवले जाई. आजी घरी असताना ती ते दुपारी दोनदा भरी. परंतु ही गोष्ट कोणाच्या हिशेबातच नव्हती, कारण ती कोणी कधी काम म्हणून सांगितली नव्हती.

आता हिशेब पाहू. अंडी देणारी कोंबडी सामान्य दिवसांत सुमारे पाव लिटर पाणी पिते. उन्हाळ्याच्या तापात ही गरज दीडपट ते दुप्पट होते. म्हणजे २४ कोंबड्यांस एरवी ६ लिटर आणि त्या दिवसांत ९ ते १२ लिटर पाणी लागत होते. मिळत होते ४ लिटर, तेही उन्हात तापणाऱ्या भांड्यात. कोंबडी फार गरम झालेले पाणी पिण्याचे टाळते. पाणी नसले, की कोरडे खाद्यही तिच्या गळ्याखाली उतरत नाही. गव्हाणीत उरलेले खाद्य, फिके तुरे व घटलेली अंडी ही रोगाची वाटणारी तिन्ही लक्षणे एका रिकाम्या भांड्यापासून निघाली होती.

येथे त्या पुडीविषयी दोन शब्द बोलणे जरूर आहे. औषधाने पाण्याची चव बदलली, तर कोंबड्या ते आणखी कमी पितात. म्हणजे तहानलेल्या कळपावर तो उलटा उपाय ठरला असता. प्रतिजैविकाचा अंश अंड्यात उतरतो, म्हणून औषध चालू असताना व नंतर पशुवैद्य सांगतील तितके दिवस ती अंडी खाण्यास वा विकण्यास योग्य नसतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून असे औषध देण्याची चाल बंद झाली पाहिजे.

उपाय साधाच करण्यात आला. सावलीत दोन ठिकाणी मातीची पसरट भांडी ठेवून त्यांत सकाळी व दुपारी थंड पाणी भरण्याचे काम शेजारच्या वस्तीवरील मुलाकडे सोपविले गेले. खाद्य उन्हाच्या वेळी न देता पहाटे व दिवस कलल्यावर देण्यात येऊ लागले. सहाव्या दिवशी ८ अंडी मिळाली आणि दोन आठवड्यांनंतर १२. पूर्वीची १५ मात्र त्या हंगामात पुन्हा मिळाली नाहीत, कारण तीन कोंबड्यांनी मधल्या काळात पिसे झाडण्यास प्रारंभ केला होता. एकदा पिसे झडू लागली, की कोंबडी पुष्कळदा दोन-तीन महिने अंडी देत नाही. पाच-सहा दिवसांच्या दुर्लक्षाची ही किंमत होती. घाई करून उपयोग नाही, त्याचप्रमाणे चौकशीस उशीर करूनही चालत नाही, हे यावरून दिसून येते.

अर्थात प्रत्येक घट पाण्याच्या भांड्याने सुटत नाही. कोंबड्या शिंकत असतील, चोच उघडी ठेवून श्वास घेत असतील, हिरवट पातळ शीट टाकीत असतील, त्यांची मान मुरगळत असेल किंवा पाय-पंख लुळे पडत असतील, तर राणीखेत अर्थात मानमोडीचा संशय घ्यावा. लस टोचलेल्या कळपात हा रोग कधीकधी मरतुकीशिवाय येतो आणि अंडी एकदम घटणे, कवच मऊ, पातळ किंवा वेडेवाकडे होणे एवढीच त्याची खूण असते. पाणी व खाद्य व्यवस्थित असूनही अशी अंडी दिसू लागली, तर एक दिवसही वाट पाहू नये. आजारी कोंबड्या वेगळ्या ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्या उघड्यावर टाकू नयेत व उघड्या हातांनी हाताळू नयेत. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्ल्यूची साथ आली, तेव्हा त्या भागातील कोंबड्या लाखांच्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या, हे विसरून चालणार नाही.

येथेच घाईने विकण्याच्या सवयीतील खरा धोका दिसतो. कोंबड्या निरोगी असतील, तर शेतकरी चांगले जनावर कवडीमोलाने घालवितो. त्या रोगी असतील, तर तो रोग आठवडी बाजारातून दहा गावांत पोहोचवितो. कारण समजेपर्यंत एकही कोंबडी वस्तीबाहेर जाऊ नये, हा नियम दोन्ही प्रकारे हिताचा आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही अशा घरी गेल्यावर औषधाच्या पिशवीस हात घालण्यापूर्वी काही गोष्टी क्रमाने पाहाव्यात. अंडी हरवतात का, हे आधी पाहावे. घट कोणत्या दिवशी व किती वेगाने सुरू झाली, हे विचारावे. त्या आधीच्या दिवसांत पाणी, खाद्य, जागा किंवा कोंबड्यांकडे पाहणारे माणूस यांत काय बदलले, याचा शोध घ्यावा. शेवटी कोंबडीचा श्वास, शीट, चाल व अंड्याचे कवच तपासावे. यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भिंतीवरील आकड्यांशिवाय मिळत नाही. रोजची अंडी लिहून ठेवण्यास कोळशाचा एक तुकडा पुरतो. आणि ज्या घरी तो वापरला जातो, तेथे घट पाचव्या दिवशी नव्हे, तर दुसऱ्याच दिवशी ध्यानात येते.