साळा की शाळा?

आमच्या घरात 'शाळा' हा शब्द माझ्याबरोबर आला. त्याआधी सगळे 'साळा'च म्हणत. आजी अजूनही म्हणते. कॉलेजात या उच्चाराला हसणारे पुष्कळ भेटले. (संस्कृत 'सीव्'चे मराठीत 'शिवणे' झाले, त्याला मात्र कोणी हसत नाही!) कोण 'स' म्हणतो नि कोण 'श', हे नुसत्या कानाने ठरवू नये, कारण कानालाही पूर्वग्रह असतो. ते मोजता येते. पण मोजणेही नीट हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

'स' म्हणताना हवेची फट दातांजवळ असते आणि तिच्यापुढे इवलीशी पोकळी उरते. त्यामुळे आवाजाचा जोर वरच्या कंप्रतांवर, बहुधा ५००० हर्ट्‌झच्या पुढे पडतो. 'श'ला फट मागे सरकते, पोकळी मोठी होते आणि जोर साधारण ३००० ते ४००० वर उतरतो. हा जोर कुठे तोलला जातो तो बिंदू म्हणजे वर्णपटाचा गुरुत्वमध्य. प्रत्येक कंप्रतेला तिच्या जोराने गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण जोराने भागायचे.

समजण्यापुरते सोपे आकडे घेऊ. 'स'चा जोर ३००० वर १, ५००० वर ३ आणि ७००० वर ६ भाग आहे. गुरुत्वमध्य येतो ६०००. 'श'चा जोर ३००० वर ६, ४००० वर ३ आणि ७००० वर १ भाग आहे. उत्तर ३७००. फरक स्वच्छ आहे.

आता हेच बोलणे जुन्या पद्धतीच्या फोनवरून आले असे समजा. तिथे ४००० च्या वरचे काही उरतच नाही. मग 'स'चे उत्तर ३००० येते आणि 'श'चे सुमारे ३३३०. म्हणजे क्रमच उलटला! बोलणाऱ्याची जीभ होती तिथेच होती. कापले ते यंत्राने. पंख्याची घरघरही अशीच फसवते. पहिल्या 'स'मध्ये १०० हर्ट्‌झवर ५ भाग घरघर मिसळली, तर ६००० चे ४०३० होतात आणि चांगला 'स' 'श'च्या दाराशी जाऊन बसतो. म्हणून ध्वनिमुद्रण किमान १२००० हर्ट्‌झपर्यंतचे हवे, खालची घरघर आधी गाळलेली हवी आणि तुकडा शेजारचा स्वर टाळून घर्षणाच्या मधलाच घ्यावा. पुढचा हिशेब Praat या मोफत प्रणालीतली Get centre of gravity ही आज्ञा करते.

तरीही 'इतक्याच्या वर स, खाली श' अशी सर्वांना एकच रेघ मारणे मला मान्य नाही. लहान तोंडाचे आकडे मुळातच वर असतात. आजीचा 'साळा' माझ्या 'शाळे'शी ताडून काय कळणार? तो तिच्याच 'सात', 'सासू', 'शिवण' यांच्याशी ताडावा, प्रत्येक शब्द दहा-बारा वेळा म्हणवून. तिच्या 'शिवण'चे आकडे खाली आणि 'साळा'चे 'सात'बरोबर वर आले, तर तिच्या बोलण्यात दोन्ही ध्वनी आहेत. फक्त कोणत्या शब्दात कोणता, एवढेच निराळे आहे.