प्रत्येक सर्दी ‘सायनस’ नव्हे

दिवाळी पंधरवड्यावर आली, की बडोद्यातल्या एका शिक्षिकेच्या घरी माळा उतरवला जातो, गाद्या झटकल्या जातात आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बाईंना शिंका सुरू होतात. एकदा सुरू झाल्या की सलग पंधरा-वीस. नाकातून पाण्यासारखी धार लागते, टाळूला आणि डोळ्यांना खाज सुटते, दुपारपर्यंत नाक चोंदून कपाळ जड होतं. ‘माझा सायनस वाढला’ असं म्हणत बाई कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून तीन गोळ्यांचं अँटिबायोटिक आणि सर्दीची एक गोळी आणत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटे आणि श्रेय अँटिबायोटिकला मिळे.

गेल्या वर्षात असे चार कोर्स झाले. चौथ्या वेळी पोट बिघडलं, जुलाब झाले, शिंका मात्र थांबल्या नाहीत. तेव्हा कुठे त्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेल्या.

डॉक्टरांनी बाईंनी आणलेला एक्स-रे बाजूला ठेवला. साध्या सर्दीतही सायनसच्या पोकळ्या एक्स-रेवर धूसर दिसतात, त्यामुळे त्यावरून जंतुसंसर्ग ठरत नाही. त्याऐवजी त्यांनी तीन प्रश्न विचारले. खाज येते का? ताप येतो का? आणि हा त्रास केव्हा, किती दिवस असतो?

खाज भरपूर, ताप कधीच नाही, आणि त्रास धुळीत हात घातला की किंवा सकाळी अंथरुणातून उठताना. बाईंना सायनसचा जंतुसंसर्ग नव्हताच. ती ॲलर्जीची सर्दी होती. गाद्या-उशांत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धूळकिड्यांची विष्ठा नाकात गेली, की अशा व्यक्तीच्या नाकाच्या अस्तरातून हिस्टामिन नावाचं द्रव्य सुटतं. शिंका, खाज आणि पाणी ही त्याचीच कामं. इथे मारायला जंतूच नाहीत, तर अँटिबायोटिक करणार काय? बाईंना बरं वाटे ते सोबतच्या सर्दीच्या गोळीमुळे आणि साफसफाई संपून धूळ खाली बसल्यामुळे.

गोळी आणि फवारा

सर्दीच्या त्या गोळीत क्लोरफेनिरामिन हे जुनं अँटिहिस्टामिन होतं. त्याने शिंका थांबतात, पण झापड येते. वर्गात बाईंचा डोळा लागायचा तो त्यामुळेच. लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या नव्या औषधांनी झोप फारशी येत नाही. सेट्रिझिनने काहींना येते, म्हणून ती रात्री घेतलेली बरी. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतलं तर अंगी नीट लागत नाही, ते साध्या पाण्याबरोबरच घ्यावं.

पण अँटिहिस्टामिन खाज आणि पाणी थांबवतं, चोंदलेलं नाक त्याने फारसं मोकळं होत नाही. वारंवार त्रास होणाऱ्यांना डॉक्टर नाकात मारायचा सौम्य स्टिरॉइडचा फवारा देतात. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून तो बंद करणं ही नेहमीची चूक. फवारा मारताना मान किंचित खाली असावी आणि टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे, तर बाहेरच्या बाजूला वळवावं. नाहीतर पडदा कोरडा पडून रक्त येऊ शकतं.

याउलट, टाकताक्षणी नाक उघडणारे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत. त्यानंतर थेंबांमुळेच नाक चोंदू लागतं.

मिठाचं पाणी

डॉक्टरांनी बाईंना रोज नाक धुवायलाही सांगितलं. जलनेती करणाऱ्यांना ही पद्धत परकी नाही. अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालावा. मीठ कमी पडलं तरी नाक चुरचुरतं आणि जास्त झालं तरी झोंबतं. पाणी कोमट असावं. बेसिनवर वाकून मान एका बाजूला कलती करावी, तोंडाने श्वास घेत वरच्या नाकपुडीत पाणी सोडावं, ते दुसरीतून बाहेर येतं. मग खाली वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळूच शिंकरावं. जोर केला तर पाणी कानाकडे जातं. कान दुखत असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल, तर त्या दिवशी धुऊ नये. फवारा मारायचा असेल तर तो धुऊन झाल्यावर.

पाणी उकळलेलंच हवं. चांगली उकळी फुटल्यावर काही मिनिटं उकळू द्यावं आणि झाकून निववावं. नळाचं पाणी पोटात गेलं तर चालेल, नाकात नव्हे. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचलेल्या अमिबाने बळी घेतला होता. भांडंही रोज धुऊन सुकवावं.

मग अँटिबायोटिक केव्हा?

योगायोग असा, की त्याच महिन्यात बाईंच्या यजमानांना सर्दी झाली. घसा खवखवला, मग नाक वाहिलं, चौथ्या दिवशी शेंबूड हिरवट झाला. घरात लगेच अँटिबायोटिकची आठवण निघाली. डॉक्टरांनी मात्र थांबायला सांगितलं. हिरवा रंग जंतूंचा नव्हे, लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींचा असतो आणि विषाणूंच्या साध्या सर्दीतही तो येतो. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांना बरं वाटू लागलं.

आठव्या दिवशी चित्र पालटलं. पुन्हा ताप चढला, उजवा गाल ठणकू लागला, वाकलं की वरच्या दाढांत कळ येई, आणि त्याच नाकपुडीतून घट्ट, दुर्गंधीयुक्त स्राव. बरी होत आलेली सर्दी अशी उलटली, तर तो जंतुसंसर्ग मानतात. या वेळी डॉक्टरांनी स्वतःहून अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक आम्ल यांची एकत्रित गोळी सात दिवसांसाठी लिहून दिली. दाढ किडली नाही ना, हेही पाहिलं. तिसऱ्या दिवशी ठणका ओसरला. तसं झालं नसतं, तर पुन्हा दाखवायला या, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

अँटिबायोटिकचा विचार करण्याजोग्या वेळा आणखी दोनच. दहा दिवस उलटूनही काडीचा उतार नसेल तेव्हा, किंवा सुरुवातीपासूनच तीन-चार दिवस १०२ अंशांच्या वर ताप, घट्ट पिवळा स्राव आणि चेहऱ्यात वेदना असतील तेव्हा. त्यातही त्रास सौम्य असेल तर डॉक्टर कधी कधी आणखी काही दिवस वाट पाहतात, कारण असा संसर्ग पुष्कळदा आपोआप बरा होतो.

डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणं, असह्य डोकेदुखी, मान आखडणं किंवा गुंगी, यांपैकी काहीही दिसलं तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. मधुमेह असलेल्याच्या नाकात काळी खपली दिसली तर तेही तितकंच तातडीचं.

यंदा दिवाळीआधी बाईंनी माळा यजमानांकडून झाडून घेतला. उशांचे अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुतल्या, आणि फवारा साफसफाईच्या दोन आठवडे आधीच सुरू केला. शिंका आल्या, पण दोन-चारच. अँटिबायोटिक घ्यावं लागलं नाही.