निष्क्रिय खात्यातली पहिली नोंद



बँकेतल्या नोकरीत एक प्रश्न मला वारंवार विचारला जाई. एखादे वृद्ध गृहस्थ जुने, कडा झिजलेले पासबुक घेऊन येत आणि संकोचाने विचारीत, "साहेब, बरीच वर्षे इकडे फिरकलो नाही. खाते बंद झाले असेल ना?" मी सांगत असे की, खाते बंद झालेले नाही, ते निष्क्रिय झाले आहे. खातेदाराने स्वतः केलेला एकही व्यवहार दोन वर्षांहून अधिक काळ झाला नाही, तर बचत खाते निष्क्रिय ठरते. मात्र रक्कम त्याचीच राहते आणि तिच्यावर व्याजही मिळत राहते. खाते पुन्हा चालू करण्यासाठी शुल्क पडत नाही. ओळख पटवायची आणि एक व्यवहार करायचा, एवढेच. यात एक अट मात्र महत्त्वाची आहे. बँकेने आपणहून जमा केलेले व्याज हा खातेदाराचा व्यवहार मानला जात नाही. नोंद खातेदाराच्याच हातून व्हावी लागते.

हे सारे मला ठाऊक होते. तरी माझे स्वतःचे एक खाते तेरा वर्षे निष्क्रिय पडून होते, आणि ते बँकेतले नव्हते.

चंद्रपूरला बी.कॉम. करताना माझ्या शेजारच्या खोलीत वडसा-देसाईगंजचा एक मुलगा राहत असे. त्यांच्या घरची धानगिरणी होती. पुढे मी एम.कॉम. करून बँकेत लागलो, तो गिरणीवर बसला. पण स्नेह टिकून राहिला. 2011 साली त्याच्या कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागणारा अर्ज माझ्याच टेबलावर आला. धानाचा साठा, येणी आणि मागील दोन वर्षांची उलाढाल पाहून मी प्रतिकूल शेरा लिहिला. आकडे जे सांगत होते तेच मी लिहिले होते. त्याला वाटले, मित्राने निदान आधी बोलायला हवे होते. तो भांडला नाही. पुढच्या तिमाहीत त्याने खाते दुसऱ्या बँकेत नेले आणि आमचे बोलणे थांबले. त्याची गिरणी उत्तम चालली, हेही सांगितले पाहिजे.

मधल्या काळात आमच्यात काहीच घडले नाही, असे म्हणता येणार नाही. दरवर्षी संवत्सरीला त्याचा 'मिच्छामि दुक्कडम्' असा संदेश माझ्या मोबाइलवर येई, आणि दिवाळीला माझा त्याच्याकडे जाई. पण त्याचा संदेश एकाच वेळी तीनशे जणांना गेलेला असे, माझाही तसाच. ती बँकेने आपोआप टाकलेल्या व्याजाची नोंद होती. त्या शब्दांचे मोल मोठे आहे. परंतु ज्या माणसाशी आपले खरोखर बिनसले आहे, त्याला ते तीनशे जणांच्या यादीतून मिळाले तर त्यात त्याचे स्वतःचे असे काही उरत नाही.

गेल्या वर्षी चंद्रपूरच्या एका लग्नात आम्हा दोघांच्या परिचयाचे एक गृहस्थ भेटले. ते म्हणाले, "वडसेकर तुमची चौकशी करत होते. गिरणी आता मुलाकडे दिली आहे." त्या रात्री मी त्याला लिहायला बसलो आणि चार मसुदे फाडले. पहिल्यात होते, "इतक्या वर्षांत तुला एकदाही आठवण झाली नाही?" हा विनोद वाटतो, पण ती तक्रार आहे. दुसऱ्यात मी 2011 च्या शेऱ्याची कारणे मांडली होती. तो मसुदा मित्राला लिहिल्यासारखा नव्हता, वरिष्ठ कार्यालयाला दिलेल्या खुलाशासारखा होता. तिसऱ्यात इतका पश्चात्ताप होता की, वाचणाऱ्याला आधी माझे सांत्वन करावे लागले असते. चौथ्यात, "आपण पुन्हा पूर्वीसारखे होऊ शकू का?" असे विचारले होते. तेरा वर्षांनी आलेल्या पहिल्याच ओळीत एवढा मोठा प्रश्न आला, तर माणूस उत्तर लांबणीवरच टाकणार.

अशा वेळी मला अमेरिकेच्या इतिहासातील एक प्रसंग आठवला. जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन हे 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या वेळेपासूनचे सहकारी आणि स्नेही. 1800 च्या निवडणुकीत जेफरसन यांनी अ‍ॅडम्स यांचा पराभव केला. 4 मार्च 1801 रोजी नव्या अध्यक्षांच्या शपथविधीला न थांबता अ‍ॅडम्स पहाटेच राजधानी सोडून गेले. त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षे दोघांत पत्रव्यवहार नव्हता.

या काळात एक प्रयत्न झाला आणि तो फसला. 1804 साली जेफरसन यांची मुलगी वारली. अ‍ॅडम्स यांच्या पत्नी अ‍ॅबिगेल यांनी लहानपणी त्या मुलीला सांभाळले होते, म्हणून त्यांनी पतीला न सांगता सांत्वनाचे पत्र लिहिले. जेफरसन यांनी आपुलकीने उत्तर दिले, पण त्याच उत्तरात एक जुनी खंत नोंदवली: जाता जाता अ‍ॅडम्स यांनी केलेल्या नेमणुका आपल्याला जिव्हारी लागल्या होत्या. झाले, अ‍ॅबिगेल यांनीही आपल्या तक्रारी काढल्या. सात पत्रांत सांत्वन बाजूला राहिले, हिशेब वाढला, आणि ऑक्टोबर 1804 मध्ये सारे पुन्हा थांबले. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. ते म्हणणे वेळेआधी मांडले गेले, एवढेच चुकले.

पुढे 1811 मध्ये जेफरसन यांच्या शेजारचे एक तरुण गृहस्थ अ‍ॅडम्स यांना भेटले. जेफरसनविषयी आपल्या मनात आजही प्रेम आहे, असे अ‍ॅडम्स त्यांच्यापाशी बोलून गेले. ही गोष्ट जेफरसन यांच्या कानी गेली. दोघांचे समाईक मित्र डॉ. बेंजामिन रश यांचा प्रयत्न तर आधीपासून चालूच होता. शेवटी 1 जानेवारी 1812 रोजी अ‍ॅडम्स यांनी एक छोटे पत्र धाडले. त्याचा आशय असा की, आपण देशी उद्योगांचे चाहते आहात, म्हणून आमच्याकडे नुकतेच तयार झालेले घरगुती विणीचे दोन नग टपालाने पाठवत आहे; लहानपणी आपली माया लाभलेल्या एकाने ते तयार केले आहेत. पुढे घरची खुशाली होती, कठीण शस्त्रक्रियेतून उठत असलेल्या मुलीविषयी दोन ओळी होत्या आणि नववर्षाच्या शुभेच्छा होत्या. मधल्या अकरा वर्षांविषयी एक अक्षरही नव्हते.

ते 'नग' म्हणजे अ‍ॅडम्स यांच्या मुलाच्या व्याख्यानांच्या ग्रंथाचे दोन खंड होते. पण पत्र आधी पोहोचले आणि पुडके मागे राहिले. जेफरसन यांनी ते खरोखरचे कापड समजून व्हर्जिनियात घरोघरी होणाऱ्या सूतकताईची आणि विणकामाची सविस्तर माहिती लिहून पाठवली. कापडाच्या व्यापाऱ्याला हसू यावे अशी ही गफलत खरी. पण तिचे काम झाले. कापडावरून ते जुन्या दिवसांवर आले, मग प्रकृतीवर आणि नातवंडांवर. त्यानंतर चौदा वर्षांत दोघांमध्ये दीडशेहून अधिक पत्रे गेली-आली. जुन्या राजकीय मतभेदांची चर्चाही पुढे झाली. मरण्यापूर्वी आपण एकमेकांना नीट समजावून सांगितले पाहिजे, असे अ‍ॅडम्स यांनीच लिहिले. पण ते पहिल्या पत्रात आले नाही, दीड वर्षाने, जुलै 1813 मध्ये आले. दोघेही एकाच दिवशी, 4 जुलै 1826 रोजी वारले.

हे वाचताना आपल्याकडचे टिळक आणि आगरकर आठवतात. 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढलेले हे मित्र पुढे मतभेदांनी दूर गेले. 1895 मध्ये आगरकर अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले, आणि टिळकांना आपल्या मित्रावर 'केसरी'त मृत्युलेख लिहावा लागला. मृत्युलेखाला उत्तर येत नाही.

मी पाचवा मसुदा लिहिला आणि तोच पाठवला. तो असा होता:

"अरे, काल घरी एचएमटी तांदूळ आणला. दुकानदार म्हणतो, जुना आहे. तू शिकवलेस तसा दाणा दाताखाली धरून पाहिला, तर मला नवाच वाटला. मी पास की नापास, ते तूच सांग. इकडे सर्व ठीक. धाकटीचे लग्न झाले, मी निवृत्त होऊन बल्लारपुरातच आहे. गिरणी मुलाने हाती घेतली हे ऐकून बरे वाटले. सवडीने लिही."

यात चार गोष्टी मी जाणून ठेवल्या होत्या. सुरुवात आजच्या, खरोखर घडलेल्या गोष्टीने होती. निमित्त बनावट असते तर त्याने लगेच ओळखले असते. दाणा चावून पाहणे ही आम्हा दोघांचीच आठवण होती आणि त्यात तो गुरू होता, मी शिष्य. मौनाचा उल्लेख नव्हता, त्यामुळे त्याचा खुलासा करण्याचे ओझे त्याच्यावर पडले नाही. आणि उत्तर देणे सोपे होते. तांदळाविषयी एक शब्द लिहिला तरी पुरे.

संदेशावर निळ्या खुणा त्याच रात्री दिसल्या, उत्तर मात्र आले नाही. निळी खूण म्हणजे वाचले, एवढाच तिचा अर्थ. नकार असा तिचा अर्थ होत नाही. या टप्प्यावर "वाचलेस ना?" असे विचारण्याचा मोह फार होतो. तो आवरला पाहिजे, कारण तो दुसरा संदेश वसुलीच्या नोटिशीसारखा वाटतो. पाचव्या दिवशी उत्तर आले: "नवाच आहे. पाणी कमी घाल."

पुढे महिन्यातून एकदोनदा बोलणे होऊ लागले. आठ महिन्यांनी त्यानेच 2011 चा विषय काढला. तो म्हणाला, "तू लिहिलेस ते बरोबर होते. पण आधी एक फोन करायचा होतास." मी म्हटले, "हो, करायला हवा होता." एवढ्यात तो हिशेब मिटला. यंदा संवत्सरीला त्याने फोन करून क्षमा मागितली, मीही मागितली. या वेळी यादी नव्हती.

एक मर्यादा मात्र सांगून ठेवतो. मौनाच्या मुळाशी आपल्याकडून येणे असलेली रक्कम, मोडलेला शब्द किंवा उघड केलेला अपमान असेल, तर तांदळाच्या गप्पांनी सुरुवात करू नये. तिथे न बोललेली गोष्ट साळसूदपणाची वाटते. आधी उधारी चुकती करावी, चूक एका वाक्यात कबूल करावी, आणि मगच खुशाली विचारावी. तसेच, समोरच्याने संबंध नको असे स्पष्ट सांगितले असेल, तर त्याचा मान ठेवावा. पण जिथे दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि नुसतीच वर्षे साचत गेली, तिथे ते खाते बंद झालेले नसते.

आपल्या मोबाइलमध्ये असा एखादा क्रमांक असेल, तर त्या माणसाने आपल्याला काय शिकवले होते ते आठवून पाहावे. बहुधा पहिली ओळ तिथेच सापडते.