वाढलेला आकडा आणि वाढवलेली भीती

बंगळुरूमध्ये राहणाऱ्या माझ्या वहिनींच्या कार्यालयाने यंदा वार्षिक आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये ‘ट्यूमर मार्कर’ समाविष्ट केले. ४४ वर्षांच्या, कोणतीही तक्रार नसलेल्या वहिनींच्या अहवालात ‘सीए-१२५’ समोर ५२ हा आकडा ठळक अक्षरांत आला. मर्यादा ३५ युनिटची. इंटरनेटवर शोधताच अंडाशयाचा कर्करोग समोर आला आणि घरातली झोप उडाली.

सीए-१२५ हे प्रथिन केवळ गाठीतून स्रवत नाही. पोटाच्या आतील आवरणाला, गर्भाशयाला दाह झाला तरी ते वाढते. मासिक पाळी, गर्भारपण, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, यकृताचे आजार ही त्याची नेहमीची कारणे. आपल्या देशात पोटाचा क्षयरोगही त्यात आलाच. वहिनींचे रक्त पाळीच्या दुसऱ्या दिवशी घेतले होते. ते त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

आता गणित पाहू. ३५ ही मर्यादा १९८३ मधील अमेरिकी अभ्यासातून आली. निरोगी व्यक्तींपैकी सुमारे एक टक्का तिच्यावर आढळल्या होत्या. मानू या, दहा हजार स्त्रियांपैकी चौघींना हा कर्करोग आहे आणि चाचणीने तिघी ओळखल्या. उरलेल्यांपैकी एक टक्का म्हणजे जवळपास शंभर जणींचा आकडाही मर्यादेवर जाईल. म्हणजे घाबरवल्या गेलेल्या १०३ स्त्रियांपैकी शंभर निरोगी. पाळी सुरू असलेल्या वयात हे प्रमाण आणखी बिघडते. आजार जितका विरळ, तितका किंचित वाढलेला आकडा फसवा.

‘उशिरा कळण्यापेक्षा हे बरे’, हा युक्तिवादही टिकत नाही. ब्रिटनमध्ये पाळी थांबलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला : दरवर्षी सीए-१२५ मोजून, त्यातील चढउतार तपासूनही अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू घटले नाहीत. २०११ च्या अमेरिकी अभ्यासात खोट्या धोक्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या १,०८० स्त्रियांपैकी १६३ जणींना गंभीर गुंतागुंत सोसावी लागली. त्यांना कर्करोग नव्हता.

याचा अर्थ ही चाचणी टाकाऊ आहे, असा नाही. निदान झालेल्या रुग्णाला उपचार लागू पडतो का, हे पाहण्यासाठी ती मोलाची आहे. सतत पोट फुगत असेल, ओटीपोटात दुखत असेल किंवा कुटुंबात हा कर्करोग असेल, तर ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावी.

वहिनींच्या सोनोग्राफीत अंडाशय निर्दोष निघाले. गर्भाशयात छोटे फायब्रॉइड दिसले. सहा आठवड्यांनी, पाळी नसताना केलेल्या चाचणीत आकडा २९ आला.

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तिशीनंतर मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची चाळणी सांगितली आहे; तीत रक्तातील मार्कर नाहीत. पॅकेज विकत घेणाऱ्या कंपन्यांनी एवढे तरी पाहावे. आणि तक्रार नसलेल्या व्यक्तीचा मार्कर मोजायचाच असेल, तर प्रयोगशाळेने आधी पाळी, गर्भारपण आणि जुने आजार विचारून ते अहवालावर नोंदवण्याचे बंधन असावे.